सात महिन्यांत पुण्याला गेलेल्या मित्राचे ३३ टक्के: काय करायचं?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. लिहू की नको करत महिना गेला. नावं घेत नाही, सोलापूर एवढंसं गाव आहे.

आम्ही तिघं इंजिनिअरिंगचे मित्र. जुलै २०२३ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड काढली. काम असं: शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर घेणाऱ्या गारमेंटवाल्यांसाठी सॉफ्टवेअर. कुठल्या शाळेचे कुठल्या साइजचे किती नग, किती कापले, किती शिवून आले, किती गेले. सध्या अकरा युनिट वापरतात, त्यातले सहा वेळेवर पैसे देतात.

मी कोड लिहितो. दुसरा बाहेर फिरतो, त्याला इथे 'फिरता' म्हणू. तिसऱ्याने मामाच्या युनिटमधला गोंधळ बघून ही कल्पना काढली. पहिली तीन गिऱ्हाइकं त्याचीच आणि १ लाख ८० हजार रुपयेही त्यानेच घातले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या वडिलांची बायपास झाली, घराचा हप्ता थकला आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला. तो 'पुणेकर'.

शेअर एकूण १०,०००, दहा रुपये दर्शनी किमतीचे. फिरत्याचे ३,४००, माझे ३,३००, पुणेकराचे ३,३००. शंभराचे तीन सारखे भाग होत नाहीत म्हणून उरलेला एक टक्का फिरत्याला दिला. त्या एका टक्क्यावर त्याने कार्डावर सीईओ छापलं. हा वेगळा विषय आहे, पण दुखतं.

आता वीस महिने झाले. मी एक रुपया घेतलेला नाही. एप्रिल ते जून सीझनला रात्री दोन वाजता फोन येतात की 'बत्तीस नंबरचे नग जुळेनात'. आता एक गारमेंटवाले काका १५ लाख घालतो म्हणाले, कंपनीच्या १५ टक्के शेअरच्या बदल्यात. त्यांनी शेअर कोणाचे किती ती यादी बघितली आणि विचारलं, "हा तिसरा कोण? कधी दिसला नाही." पुणेकराला फोन केला तर तो म्हणतो माझे ३३ आहेत, राहतील.

लहानपणापासूनचा मित्र आहे. भांडायचं नाही. पण मी मूर्ख ठरतोय का?

बे_दुणे_पाच
काय बे, तीन मित्र आणि शंभर टक्के, तिथंच हिशोब चुकला की. चौथा घ्यायचा होता, पंचवीस-पंचवीस बसलं असतं. 😄

शेंगाचटणी
सोपं आहे. दोघांनी मीटिंग लावा, ठराव करा, त्याला डायरेक्टर पदावरून काढा. दोघांचे ६७ टक्के आहेत. विषय संपला.

गुंतवणूक_गुरू
३३ टक्के शेअर असतील तर धरून ठेवा, चांगली कंपनी असेल तर वाढतील. घाईत विकू नये. लाँग टर्म बघा.

बे_दुणे_पाच
@गुंतवणूक_गुरू गुरुजी, धागा वाचा की राव.

पूर्वभाग_यंत्रमाग
आमच्या वडिलांची गोष्ट सांगतो. आठ माग, दोघांची भागीदारी, कागद नाही. वडील रात्रपाळी बघायचे, मित्र पेढीवर बसायचा. वर्षअखेर नफा निम्मा-निम्मा. वडिलांनी एकदा रात्रीचा पगार मागितला तर वकिलाने १९३२ चा भागीदारी कायदा दाखवला: लिहिलेलं नसेल तर नफा सारखा, आणि भागीदाराला कामाचा पगार नाही. वडील म्हणाले, मग मी तेवीस वर्षं झोपलो असतो तरी चाललं असतं.

फुटले तेव्हा माग चार-चार वाटून घेतले. भांडण मागांवर नाही झालं. भांडण झालं जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवर. चादरीच्या मोराची डिझाइन ज्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असते, ती कोणाची? वडिलांनी बसून काढून घेतलेली, पण पैसे पेढीचे. शेवटी मोर तिकडे गेला आणि कमळ इकडे आलं. पुढची दहा वर्षं दोघं एकमेकांच्या चादरी बाजारात उलटून बघायचे.

अवंती_नवी_पेठ
माझा नवरा अशाच एका कंपनीत 'फाउंडर' होता. 'फुकट काम' असं सगळे म्हणतात. फुकट कुठे? माझ्या शाळेच्या पगारावर दोन वर्षं घर चाललं. त्याच्या मित्राला त्याचं काहीच नव्हतं, त्याला वाटायचं ह्याला परवडतंय म्हणून हा बसतो. रात्रपाळी, तुमच्या घरी कोण भागवतंय ते त्या दोघांना आकड्यात माहीत आहे का? आमच्याकडे कोणी विचारलंच नाही आणि आम्ही सांगितलंही नाही. लाज वाटायची.

रात्रपाळी
@अवंती ताई, आई शिवणकाम करते. त्याच युनिटांचं. नाही, त्यांना आकडा माहीत नाही.

सीएस_जुळे_सोलापूर
कंपनी सेक्रेटरी आहे, असल्या फाइली बघते, म्हणून लिहिते.

@शेंगाचटणी, डायरेक्टर म्हणून काढता येईल, साधा ठराव लागतो. पण खुर्ची गेली तरी शेअर त्याच्याच नावावर राहतात, आणि दुखणं शेअरचं आहे. उलट काढलंत की तो बोलणंच बंद करेल. आणि तुम्हाला त्याचं मत लागणार आहे. बाहेरच्या माणसाला नवे शेअर द्यायचे तर विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधाच्या तिप्पट हवीत. ६७ हे ३३ च्या तिप्पट होत नाहीत. पुणेकर मीटिंगला आलाच नाही तर अडत नाही, पण येऊन विरोध केला तर काकांचे १५ लाख दारात थांबतात.

आता आकडा बघा. १५ टक्क्यांसाठी काकांना साधारण १,७६५ नवे शेअर द्यावे लागतील, म्हणजे एका शेअरला सुमारे ८५० रुपये. त्यानंतर पुणेकर २८ टक्क्यांवर, आणि रात्रपाळी, तुम्हीही बरोबर २८ वर. काकांना तेच खटकलंय. त्यांचे पैसे ज्याच्या रात्रींवर चालणार त्याचा वाटा आणि पुण्यात नोकरी करणाऱ्याचा वाटा एकच. पुढे पैसे घालणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारेल.

रात्रपाळी, मला दोन गोष्टी सांगा. ते १ लाख ८० हजार कंपनीच्या खात्यात कशाचे म्हणून दाखवलेत? आणि शेअर देताना काही करार केला होता का?

रात्रपाळी
करार नाही. कंपनीच्या नोंदणीचं पॅकेज घेतलं होतं, जे आलं त्यावर सह्या केल्या. ते पैसे... भांडवलच असणार ना? सीएला विचारतो.

पुणेरी_परागंदा
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी असाच एका कंपनीतला 'गेलेला' आहे. सकाळच्या हुतात्माने निघालो तेव्हा स्टेशनवर सोडायला दोघंही आले होते. सहा महिन्यांनी व्हॉट्सअॅपवरून शेअर परत मागितले, तेही रात्री साडेअकराला, 'आता तुझा काय संबंध' ह्या शब्दांत. मी तोपर्यंत ते द्यायलाच तयार होतो. त्या वाक्यानंतर दिले नाहीत. आजही आहेत, कंपनी बंद पडली.

कल्पना त्याची, गिऱ्हाईक त्याचं, पैसे त्याचे. वडिलांची बायपास हे पळून जाणं नाही.

शेंगाचटणी
कल्पनेला काय किंमत आहे हो. सोलापुरात चहाच्या टपरीवर दिवसाला चाळीस कल्पना निघतात.

पुणेरी_परागंदा
आणि पहिली तीन गिऱ्हाइकं टपरीवर मिळतात का?

कडकभाकरी
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी आणि चुलतभाऊ मिळून कडक भाकरी, शेंगा चटणी पॅक करून पुण्या-मुंबईला पाठवतो. तो माल बघतो, मी कुरिअर आणि फोन. तो म्हणतो भट्टीजवळ उन्हाळ्यात उभं राहणं हे खरं काम, फोन काय कोणीही करेल. ह्याला काय उत्तर द्यावं?

अवंती_नवी_पेठ
एक आठवडा अदलाबदल करा. मे महिन्यात.

कडकभाकरी
ताई, मी भट्टीजवळ मरेन.

अवंती_नवी_पेठ
मग उत्तर मिळालं ना.

नोकरीच_बरी
रात्रपाळी, तुम्ही वीस महिन्यांचा पगार कायद्याने मागू शकता. कायद्यात किमान वेतन आहे. लेबर ऑफिसला अर्ज द्या.

सीएस_जुळे_सोलापूर
@नोकरीच_बरी कंपनीने त्यांना नोकरीवर ठेवलं असतं तर तुमचं बरोबर होतं. नेमणुकीचं पत्र नाही, पगार ठरलेला नाही, ते स्वतः डायरेक्टर आणि एक तृतीयांश मालक. अर्ज कोणाविरुद्ध देणार, स्वतःविरुद्ध? मात्र इथून पुढे बोर्डाच्या ठरावात महिना अमुक रुपये लिहून घेता येतील, आणि हातात पैसे नसतील तर देणं म्हणून वहीत धरता येईल. मागच्या वीस महिन्यांचं तसं होणार नाही.

बे_दुणे_पाच
नवे शेअर काढून वाटून टाका, पुणेकराचे टक्के आपोआप बारीक. आमच्या एका साहेबाने असंच केलं बे.

सीएस_जुळे_सोलापूर
हक्काचे म्हणजे राइट्स शेअर काढले तर तेही प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात देऊ करावे लागतात. त्याने घेतले तर सगळे जिथल्या तिथे. घेतले नाहीत आणि त्याला दाबण्यासाठीच केलंत असं दिसलं, तर किमान दहा टक्के शेअर असलेला माणूस कंपनी लवादाकडे जाऊ शकतो. त्याच्याकडे ३३ आहेत. काका अशा भांडणात पैसे घालतील का?

पूर्वभाग_यंत्रमाग
बाई बरोबर बोलतात. पण मला सांगा, ह्या पोरांच्या धंद्यात पुठ्ठे कोणाचे?

सीएस_जुळे_सोलापूर
@पूर्वभाग_यंत्रमाग काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी ते विसरले होते. नोकरदाराने कामात लिहिलेला कोड मालकाचा असतो. डायरेक्टर पगारी नोकर नसेल आणि लेखी देऊन टाकलेलं नसेल, तर लिहिणाऱ्याचा त्यावरचा हक्क राहतो असं म्हणायला जागा राहते. पैसे घालणारा हे विचारतोच. कोड सगळा तुम्हीच लिहिलात का?

रात्रपाळी
बहुतेक मीच. पण साइजचा भाग, म्हणजे २० नंबरपासून ४२ पर्यंत कुठल्या साइजला किती कापड आणि कुठलं बटण, तो पुणेकराने पहिल्या चार महिन्यांत बांधला. मामाच्या कटिंग मास्तरजवळ बसून. आजही त्याला हात लावायची माझी हिंमत होत नाही. मास्तर शाळा बघून कॉलरला अर्धा इंच सोडतो, ते सुद्धा त्यात आहे.

पुणेरी_परागंदा
मग 'कधी दिसला नाही' असं नाही ना म्हणता येत. रोज दिसतोय की तो.

रात्रपाळी
(तीन दिवसांनी) सीएकडे जाऊन आलो. ताळेबंद पहिल्यांदा नीट वाचला, लाज वाटते. ते १ लाख ८० हजार भांडवल नाहीच. डायरेक्टरकडून घेतलेलं बिनतारण कर्ज म्हणून दाखवलेत. पुणेकराने भांडवल म्हणून भरले फक्त ३३ हजार, आम्ही भरले जवळपास तेवढेच.

म्हणजे तो समजतो त्याचे पैसे शेअरमध्ये आहेत. आम्हीही तेच समजत होतो. वहीत मात्र कंपनी त्याला ते पैसे देणं लागते.

सीएस_जुळे_सोलापूर
हाच तुमचा दरवाजा आहे. तो ३३ टक्के धरून बसलाय ते बहुधा १ लाख ८० हजार बुडतील ह्या भीतीने. आधी पैसे आणि शेअर वेगळे करा. पैसे परत, तारखेसकट, लेखी. मग शेअरवर बोला.

शेअरसाठी मोजायला एक पट्टी लागते. चार वर्षांत थोडे थोडे 'कमावायचे' असा करार सुरुवातीलाच केला असता तर तो ४८ महिन्यांपैकी ७ महिने होता, म्हणजे ३,३०० पैकी साधारण ४८०. पहिलं वर्ष पूर्ण न करणाऱ्याला काहीच नाही अशी अट बरेच जण घालतात, तिने तर शून्य. पण तुम्ही असं काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ही पट्टी त्याच्यावर लादता येणार नाही, फक्त पुढे ठेवता येईल. मी असते तर ५०० म्हटलं असतं, साइजच्या कामाचं वेगळं धरून.

आणि हे काकांचे पैसे खात्यात येण्याआधी करा. आज कंपनीकडे दोन लॅपटॉप आणि कर्ज, पुस्तकी किंमत शून्याच्या आसपास, त्यामुळे दहा रुपयांनी शेअर घेतले तर कराची अडचण दिसत नाही. १५ लाख आल्यावर तीच पुस्तकी किंमत एका शेअरला शंभरच्या वर जाईल. मग त्याचे ५०० सोडून उरलेले २,८०० तुम्ही दोघांनी निम्मे-निम्मे दहाला घेतले तर प्रत्येकाच्या १,४०० शेअरवरचा फरक, दीड लाखाच्या आसपास, घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जाईल, कारण सूट फक्त ५० हजारांपर्यंतच्या फरकाला आहे. तो मित्र आहे म्हणून भेट दिली असं म्हणता येत नाही. आयकरात मित्र नातेवाईक नाही.

बे_दुणे_पाच
आयकर खात्याने आमची सगळी गँग एका वाक्यात मोडली की बे.

शेंगाचटणी
पण तो म्हणेल ८५० चा भाव आहे, ३,३०० चे २८ लाख होतात.

रात्रपाळी
म्हणालाच. फोनवर, अक्षरशः. '२८ लाखांचा कागद दहा रुपयांनी मागतोस?'

सीएस_जुळे_सोलापूर
काका २८ लाख देणार आहेत का त्याला? ते १५ लाख कंपनीत घालणार, माणसं ठेवायला. तुम्ही दोघं उद्या काम थांबवलंत तर त्या कागदाला कोण गिऱ्हाईक? पण हे त्याला फोनवर सांगू नका. आणि हो, ह्यात त्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही. मोठी विक्री झालीच तर त्याने सोडलेले शेअर खरोखर महाग असतील. काही जण म्हणून अशी अट लिहितात की तीन वर्षांत कंपनी विकली गेली तर सोडणाऱ्याला ठरलेली रक्कम वरून.

पुणेरी_परागंदा
समोर बसून बोला. आणि साडेअकराला नाही.

रात्रपाळी
रविवारी पार्क चौकात भेटलो, तिघं. आधी दहा मिनिटं कोणीच बोललं नाही. मी ताळेबंदाचं पान काढलं आणि १ लाख ८० हजारांच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं हे तुझं कर्ज आहे, ६० हजार आत्ता, उरलेले दर महिन्याला दहा हजार, वर्षभर. तो ते पान बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, 'मला वाटलं तुम्ही हे विसरलात.' त्यानंतर आवाज उतरला.

मग मी आईचं सांगितलं. अवंती ताईंमुळे. फिरत्यालाही माहीत नव्हतं. त्याने चहाचे पैसे दिले, जे तो कधी देत नाही.

शेअरचं: आम्ही ५०० म्हणालो, तो ८०० म्हणतो. साइजचं काम कंपनीला लेखी देणार, पण त्याबद्दल ते वरचे ३०० हवेत. फिरता ५०० वर अडून आहे. मला ८०० पटतंय.

शेंगाचटणी
५०० च. एकदा सैल सोडलं की संपलं.

पूर्वभाग_यंत्रमाग
तीनशे शेअरवर मोर गेला आमचा. द्या.

सीएस_जुळे_सोलापूर
त्यांच्या ३०० ची मला काळजी नाही. पुणेकर शेअर सोडतील, शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा एसएच-४ फॉर्म भरून, जुन्या सर्टिफिकेटसह. पण तुम्ही आणि फिरता? तुम्हा दोघांचे मिळून ९२ ते ९५ टक्के होतील आणि त्यावर आजही कसलाच करार नाही. उद्या फिरत्याला पुण्यात नोकरी लागली तर हाच धागा पुन्हा. दोघांनीही ४८ महिन्यांची पट्टी स्वतःला लावा, झालेले २० महिने धरून. करारात लिहाच, पण कंपनीच्या नियमावलीतही घाला, नाहीतर पुढे कंपनी म्हणेल आमच्यावर बंधन नाही. आणि सीईओ कोण, कोड कोणाचा, महिना किती, हेही त्याच कागदात.

रात्रपाळी
मसुदा काढून आणला. फिरत्याला दाखवला तर म्हणाला, 'माझ्याच कंपनीत मी प्रोबेशनवर राहू?' आणि उठून गेला.

मी हसलो. मग रात्री तोच कागद घेऊन बसलो. माझ्या शेअरपैकी निम्म्याहून जास्त अजून 'कमवायचे' आहेत असं त्यात लिहिलंय. वीस महिन्यांनंतर. पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. पुणेकराला मी हीच पट्टी लावून ४८० मोजले होते.

पुणेकर शनिवारी येतोय, सर्टिफिकेट घेऊन.

बे_दुणे_पाच
शुक्रवारी फिरत्याला घेऊन ये, शेंगा चटणी-भाकरी माझ्याकडून. कागद पण आण बे.

कडकभाकरी
भाकरी माझ्याकडची घ्या. चुलतभाऊ ह्या आठवड्यात फोनवर बसलाय, मी भट्टीवर आहे. जरा कडक येतील.